फॉर्मवरचं ‘नाही’ आणि एक्केचाळिसाव्या महिन्यातला क्लेम: निपाणी भागातलं एक प्रकरण

निपाणी-चिकोडी रस्त्यावर खतं-बियाणांचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांचं हे प्रकरण आहे. ते कुणा एका माणसाचं नाही. निपाणी, बेळगाव, खानापूर, अथणी या पट्ट्यात जसे आरोग्य विम्याचे क्लेम नाकारले जातात, त्यांतला सारखा भाग घेऊन ते रचलं आहे. तारखा आणि रकमा हिशेब कळावा म्हणून घातल्या आहेत. नियम मात्र आहेत तसेच दिले आहेत.

गृहस्थांचं वय ४६. ऑगस्ट २०२० मध्ये डोकं जड वाटतंय म्हणून ते निपाणीतल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. बीपी निघालं १६०/१००. आठवड्याने पुन्हा तपासलं तर तेवढंच. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० ची रोज एक गोळी लिहून दिली. जानेवारी २०२१ मध्ये शुगर तपासली, एचबीए१सी आलं ७.६, आणि मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. दोन्ही गोळ्या त्यांनी नेमाने घेतल्या. बीपी आटोक्यात, शुगर आटोक्यात, दुकान सुरू, त्रास काहीच नाही. म्हणून १५ जून २०२१ ला स्वतः, पत्नी आणि मुलगी अशा तिघांसाठी ५ लाखांची फ्लोटर, म्हणजे तिघांची मिळून एकच, पॉलिसी घेताना आपण आजारी आहोत असं त्यांच्या मनातही नव्हतं.

फॉर्म भरला एजंटने. एजंट नात्यातलाच, पुतण्याचा मित्र. त्याचं म्हणणं असं: “काय होतंय ओ काका, रोजची एक-दोन गोळी तर हाय. बीपी लिवलं की मेडिकलला बोलिवतात, हप्ता वाढतोय, कधीकधी पॉलिसीच देत नाहीत.” आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ पडलं. फॉर्म इंग्रजीत, एजंटच्या मोबाईलवर. गृहस्थांच्या मोबाईलवर ओटीपी आला, तो त्यांनी वाचून दाखवला आणि काम झालं.

हा ओटीपी म्हणजे सही, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. कागदी फॉर्मवर शेवटी एक घोषणा असते: वरची सगळी माहिती खरी आहे, काही लपवलेलं नाही, आणि तिच्या आधारावर कंपनी पॉलिसी देते आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये त्याच घोषणेवर ओटीपी टाकून होकार दिला जातो. पुढे “मी लिहिलंच नाही, एजंटने लिहिलं” असं सांगितलं तर कंपनी हाच ओटीपी पुढे करते.

प्रश्न नेमका काय होता

‘आजार’ म्हटलं की आपल्याकडे अंथरूण धरलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. फॉर्म तसं विचारत नाही. कंपनीगणिक शब्द बदलतात, पण बहुतेक फॉर्मवर हे चार-पाच प्रश्न असतातच: विमा घ्यायच्या कुणाला बीपी, मधुमेह, हृदय, किडनी, थायरॉइड, दमा, कॅन्सर असा आजार आहे का किंवा कधी होता का, सध्या रोजचं कुठलं औषध चालू आहे का, गेल्या काही वर्षांत दवाखान्यात दाखल केलं होतं का किंवा ऑपरेशन झालं होतं का, कुठल्या तपासणीचा रिपोर्ट बिघडलेला आला होता का, तंबाखू किंवा दारूची सवय आहे का. ‘तुम्हाला त्रास होतोय का’ असा प्रश्न यात कुठेच नाही. गोळीमुळे बीपी १३०/८० राहत असलं तरी ‘औषध चालू आहे का’ या प्रश्नाचं उत्तर ‘होय’ हेच आहे.

आणखी एक गोंधळ जाणकार एजंटसुद्धा करतात. ‘आधीपासूनचा आजार’ याची नियमातली व्याख्या २०२४ पासून अशी आहे: पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं, किंवा ज्यासाठी डॉक्टरने सल्ला वा उपचार दिला, तो आजार. त्याआधी हा काळ ४८ महिन्यांचा होता. आता कुणी म्हणतं, पाच वर्षांपूर्वी मुतखडा काढला होता, तो ३६ महिन्यांच्या बाहेर आहे, म्हणजे लिहायला नको. इथेच चूक होते. ३६ महिन्यांची व्याख्या फक्त कुठल्या आजाराला वेटिंग पिरियड, म्हणजे सुरुवातीचा खर्च न मिळण्याचा काळ, लावायचा ते ठरवते. काय सांगायचं ते फॉर्मवरचा प्रश्न ठरवतो. प्रश्नात ‘कधीही’ असेल तर पाच काय, पंधरा वर्षांपूर्वीचं ऑपरेशनही लिहायचं. प्रश्नात ‘गेल्या चार वर्षांत’ असेल तर चार वर्षांपुरतंच. न विचारलेलं ओढूनताणून लिहायला कुणी सांगत नाही, पण विचारलेल्याला उत्तर व्याख्येच्या आडून टाळता येत नाही.

निपाणी भागात तंबाखूचा प्रश्न तर हमखास चुकतो. प्रश्न ऐकला की सिगारेट-विडी डोळ्यांपुढे येते, आणि तंबाखू-चुना मळणारा माणूसही ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. घरच्या बाईची मिश्री तर कुणी तंबाखूत धरतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि ती ‘होय’मध्येच येते. या प्रकरणात पत्नी रोज सकाळी मिश्री लावायच्या. फॉर्मवर तेही ‘नाही’च होतं.

जवळजवळ साडेतीन वर्षं सगळं ठीक

सप्टेंबर २०२२ मध्ये पत्नीला डेंग्यू झाला. बेळगावात चार दिवस दाखल होत्या, ३८ हजारांचं बिल कॅशलेसमध्ये भागलं, एक प्रश्न आला नाही. घरात सगळ्यांना वाटलं, पॉलिसी चोख आहे, एजंट खरं बोलला होता.

एक क्लेम मिळाला म्हणजे फॉर्म तपासून पास झाला, ही समजूत या भागात घट्ट बसली आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. पॉलिसी देताना कंपनी बहुतेक वेळा सांगितलेल्यावर विश्वास ठेवते. खोलात जाऊन तपास होतो तो क्लेमच्या वेळी, तोही संशयाला जागा असेल तरच. डेंग्यू, अपघात, अपेंडिक्स यांना जुना इतिहास लागत नाही, म्हणून कुणी मागत नाही. हृदय, किडनी, पक्षाघात, मधुमेही पायाची जखम असं काही आलं, की पहिला प्रश्न येतो ‘हे कधीपासून?’

९ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे गृहस्थांच्या छातीत कळ आली. मुलीने शेजाऱ्यांच्या गाडीतून कागलमार्गे कोल्हापूर गाठलं. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बंद निघाली, स्टेंट बसला, जीव वाचला. बिल २ लाख ९४ हजार.

कॅशलेससाठी दवाखाना कंपनीला जो प्री-ऑथ फॉर्म पाठवतो, त्यात एक भाग उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा असतो. तिथे मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार अशी नावं छापलेली असतात आणि प्रत्येकापुढे ‘कधीपासून’ याचा रकाना असतो. म्हणजे जो प्रश्न २०२१ मध्ये गिऱ्हाइकाला विचारला होता, तोच २०२४ मध्ये डॉक्टरला विचारला गेला. डॉक्टरांनी नातेवाइकांना विचारून लिहिलं: बीपी ४ वर्षं, मधुमेह ४ वर्षं, गोळ्या चालू. डॉक्टरांचं यात काही चुकलं नाही. भूल देताना, रक्त पातळ करणारी औषधं देताना त्यांना खरा इतिहास लागतोच.

कॅशलेस मागणीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असा २०२४ पासूनचा नियम आहे. इथे तासाभरात आली ती विचारणा: बीपी आणि शुगरच्या पहिल्या तपासणीचे कागद, तेव्हापासूनची सगळी प्रिस्क्रिप्शनं, आणि आजार नेमका कधीपासून आहे याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मुलीने प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलेली फाईल दवाखान्याने स्कॅन करून पाठवली. त्यात निपाणीच्या डॉक्टरांचा ऑगस्ट २०२० चा कागद होता. पुष्कळांना वाटतं, दवाखाना महाराष्ट्रात, घर कर्नाटकात, इथले कागद तिथे कोण बघतंय. जुनी फाईल बहुधा रुग्णाच्या घरचेच सीमेपलीकडे घेऊन जातात, आणि उपचारासाठी ती न्यावीच लागते.

कॅशलेस नामंजूर झालं. पत्रात लिहिलं होतं की कॅशलेस देता येत नाही, क्लेम रिइम्बर्समेंटला पाठवा. याचा अर्थ क्लेम फेटाळला असा होत नाही, फक्त आत्ता पैसे तुम्ही भरा आणि नंतर कंपनीकडे मागा. पतसंस्थेत दागिने ठेवून सोनेतारण काढलं आणि डिस्चार्ज घेतला.

पडताळणीत काय काय उघडतं

रिइम्बर्समेंटच्या फाईलवर कंपनीने तपासनीस नेमला. तो पहिल्यांदा दवाखान्याचे इनडोअर केस पेपर मागतो. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असतात. केस पेपरात मात्र कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने रात्री लिहिलेला इतिहास, नर्सने दाखल करतानाची नोंद, ‘घरी चालू असलेल्या गोळ्या’ची यादी हे सगळं वेगवेगळ्या हस्ताक्षरात असतं. एका ठिकाणी चार वर्षं आणि दुसऱ्या ठिकाणी चार महिने लिहिलं असेल, तर तपासनीस तिथेच थांबतो. कागदाशिवाय शरीरही बोलतं. इको तपासणीत हृदयाची भिंत जाड दिसली, की बीपी बऱ्याच काळापासून असावं असा अंदाज निघतो. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा दिसल्या, की शुगरही जुनी असावी असं म्हटलं जातं. एकट्या एचबीए१सीवरून आजाराचं वय सिद्ध होत नाही. तो गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, एवढं कंपनीला सांगता येतं.

अशा वेळी घरचे एक गोष्ट करतात, आणि ती लपवण्यापेक्षा जास्त नडते. डॉक्टरांना गळ घालतात, “साहेब, चार वर्षांच्या ठिकाणी सहा महिने लिहा की.” एखादा डॉक्टर लिहूनही देतो. मग प्री-ऑथमध्ये चार वर्षं, प्रमाणपत्रात सहा महिने, केस पेपरात खाडाखोड. माहिती न सांगणं ही एक पायरी, खोटा कागद उभा करणं ही दुसरी. दुसऱ्या पायरीवर कंपनीला फसवणुकीचा मुद्दा मिळतो, आणि त्याचा परिणाम पुढे येईल. या प्रकरणात पुतण्याने असा प्रयत्न केला, दवाखान्याने नकार दिला. नकार देणाऱ्याने घरच्यांवर उपकारच केले.

उलटंही होतं. घाबरलेल्या नातेवाइकाने कॅज्युअल्टीत “शुगर लई जुनी हाय, धा वर्षं झाली” असं सांगून टाकलेलं असतं, आणि खरं निदान दोन वर्षांपूर्वीचं असतं. तेवढी चुकीची नोंद सुधारायला वाव आहे. पहिल्या निदानाचा मूळ कागद आणि तो दाखवून त्याच डॉक्टरांकडून घेतलेलं दुरुस्तीचं प्रमाणपत्र, एवढं लागतं. म्हणून पहिल्या तपासणीचा कागद, मग तो साध्या चिठ्ठीचा असला तरी, जपून ठेवण्याचा आहे.

पत्र आणि त्यातला हिशेब

जानेवारी २०२५ मध्ये पत्र आलं. पॉलिसीआधीपासून बीपी आणि मधुमेह असताना प्रपोजल फॉर्ममध्ये सांगितलं नाही, म्हणून क्लेम नामंजूर, पॉलिसी रद्द, भरलेला प्रीमियम जप्त. फ्लोटर एकच करार असल्यामुळे पत्नी आणि मुलगी यांचंही कवच त्याच दिवशी गेलं. क्लेम गेल्याचं दुःख घरात झालंच, पण तिघांचंही छत्र एका रकान्यामुळे गेलं हे कळायला आठवडा लागला.

फॉर्मवर खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? आधी मेडिकल झाली असती: ईसीजी, रक्त-लघवी, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल. मग कंपनीने तीनपैकी एक केलं असतं. पॉलिसी नाकारली असती, किंवा जशी आहे तशी दिली असती, किंवा प्रीमियम वाढवून दिली असती. गोळीवर आटोक्यात असलेल्या बीपी-शुगरला नकार मिळणं हे एजंट सांगतात तितकं सर्रास नाही. प्रीमियम वाढवून पॉलिसी मिळते हेच जास्त दिसतं. मूळ प्रीमियम १७,५०० धरू आणि वाढ २० टक्के. वर्षाला ३,५०० जास्त. २०२१ ते २०२४ असे चार हप्ते, म्हणजे १४ हजार. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण साधारण असंच असतं.

दुसरी गोष्ट वेटिंग पिरियडची. सांगितलेल्या आजारावर आणि त्यातून थेट उद्भवणाऱ्या गुंतागुंतीवर ठरावीक काळ खर्च मिळत नाही. आज हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि या पॉलिसीतही तो तीनच वर्षांचा होता. १५ जून २०२१ पासून मोजला तर १४ जून २०२४ ला संपला. हृदयाचा झटका आला ९ नोव्हेंबर २०२४ ला, एक्केचाळिसाव्या महिन्यात. वेटिंग पिरियड संपून जवळजवळ पाच महिने झाले होते. खरं लिहिलं असतं तर आधीपासूनच्या आजाराचं कारण दाखवून हा क्लेम अडवता आला नसता.

इथे एक प्रामाणिक कबुली हवी. हाच झटका २०२२ मध्ये आला असता, तर खरं लिहूनही पैसे मिळण्याची खात्री नव्हती. झटका हा बीपी-मधुमेहाचीच गुंतागुंत आहे असं म्हणून कंपनीने वेटिंग पिरियड पुढे केला असता, आणि त्यावर वाद झाला असता. खरं सांगितलं की पहिल्या दिवसापासून सगळं मिळतं असं कुणी सांगत असेल, तर तोही अर्धवटच सांगतो. फरक पुढचा आहे. तो एक क्लेम अडला असता, पण पॉलिसी चालू राहिली असती, घरच्यांचे बाकीचे क्लेम चालले असते, आणि घड्याळ ३६ महिन्यांकडे सरकत राहिलं असतं.

लपवणाऱ्याचं घड्याळ वेगळं आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली, की त्यानंतर माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. याला मोरेटोरियम म्हणतात. आधी हा काळ ८ वर्षं होता, २०२४ मध्ये ५ वर्षांवर आला. गृहस्थांचे ६० महिने १४ जून २०२६ ला भरले असते. म्हणजे सांगणारा माणूस तीन वर्षांनी मोकळा होतो आणि लपवणारा पाच वर्षं टांगणीवर राहतो. मधली दोन वर्षं, म्हणजे ३७ व्या महिन्यापासून ६० व्या महिन्यापर्यंत, लपवून काही मिळतच नाही, फक्त जोखीम असते. हा क्लेम नेमका त्या दोन वर्षांत पडला.

“मग पाच वर्षं कशीबशी काढू” असा हिशेब करणारे आता दिसू लागले आहेत. त्यात दोन भोकं आहेत. मोरेटोरियम फसवणुकीला लागू नाही, म्हणून वर सांगितलेला बदललेला कागद फाईलमध्ये असेल तर ६० महिन्यांनंतरही वाद उभा राहतो. आणि मध्येच विम्याची रक्कम ५ लाखांवरून १० लाख केली, तर वाढवलेल्या ५ लाखांचे ६० महिने त्या दिवसापासून नव्याने मोजले जातात.

तक्रारीत काय टिकलं, काय नाही

घरच्यांचा पहिला मुद्दा होता की फॉर्म एजंटने भरला आणि तो इंग्रजीत होता. सीमाभागात या मुद्द्याला वजन असायला हवं. इथला मराठी माणूस इंग्रजी फॉर्म वाचत नाही, कन्नड बोलतो पण लिहिलेलं कन्नड त्याला वाचता येईलच असं नाही. फॉर्म दुसऱ्याने भरला असेल किंवा अर्जदाराला ती भाषा येत नसेल, तर मजकूर त्याला समजावून सांगितला असं प्रमाणपत्र भरणाऱ्याने द्यायचं असतं. फॉर्मच्या शेवटी त्यासाठी जागा असते. ऑनलाइन फॉर्ममध्ये ही जागा एका टिकमार्कने उरकली जाते. इथेही ती टिक पडलेली होती आणि खाली ओटीपी होता. शिवाय पॉलिसी आल्यावर कंपनीचा फोन आला होता, त्यात हिंदीत “बीपी, शुगर कुछ नहीं है ना?” असं विचारलं होतं आणि गृहस्थ “नहीं” म्हणाले होते. रेकॉर्डिंग फाईलमध्ये लागलं. मुद्दा तिथे पडला.

दुसरा मुद्दा: बीपी-शुगर आटोक्यात होती, झटक्याशी संबंध काय? हृदयविकाराच्या बाबतीत हे पटवणं अवघड. आणि संबंध नसला तरी कंपन्या सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा सतवंत कौर संधू खटला पुढे करतात. त्यात मेडिक्लेम घेताना मधुमेह आणि किडनीचा विकार सांगितला नव्हता, आणि अशी माहिती लपवली तर कंपनी क्लेम नाकारू शकते असं न्यायालयाने म्हटलं. कसोटी अशी असते की, ही गोष्ट कळली असती तर पॉलिसी द्यायची की नाही, किंवा किती हप्त्यात द्यायची, या निर्णयावर परिणाम झाला असता का. बीपी आणि मधुमेहाला याचं उत्तर ‘हो’ येतं.

सांगणाऱ्याच्या बाजूचा निकालही आहे. मनमोहन नंदा यांनी अमेरिकेला जाताना घेतलेल्या पॉलिसीत मधुमेह सांगितला होता, तिथे उतरल्यावर हृदयाचा झटका आला, कंपनीने नकार दिला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लेम द्यायला लावला. सांगितलेली स्थिती पाहून, जोखीम जोखून कंपनीने पॉलिसी दिली, तर नंतर तीच स्थिती दाखवून हात झटकता येत नाहीत, असं न्यायालयाचं म्हणणं. फॉर्मवर लिहिलेली ओळ पुढे आपला पुरावा कशी होते ते इथे दिसतं.

गृहस्थांनी आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहिलं, उत्तर तेच आलं. मग बंगळूरच्या विमा लोकपालाकडे अर्ज केला. कर्नाटकात राहणाऱ्याला तिथे जाता येतं, पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून घेतलेली असली तरी. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, आणि कंपनीने महिनाभर उत्तरच दिलं नाही तर त्यानंतरही जाता येतं. bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाकडे जायचं तर मुदत दोन वर्षं, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, दाखल करता येतं. लोकपालाकडे क्लेम टिकला नाही. ऑगस्ट २०२० चा कागद आणि जून २०२१ चा फॉर्म शेजारी ठेवले, की बोलायला फारसं काही उरत नव्हतं.

दुसरा फॉर्म

हे संपल्यावर घरच्यांनी नव्याने अर्ज केला, या वेळी पत्नी-मुलीचा वेगळा आणि गृहस्थांचा वेगळा, म्हणजे एकामुळे दुसऱ्याचं अडू नये. फॉर्म मराठीत मागितला. मराठी मिळाला नाही, पण प्रत्येक प्रश्न मुलीने वाचून दाखवला आणि उत्तरं तिनेच भरली. फक्त ‘होय’ची टिक करून सोडलं नाही, पुढच्या रकान्यात असं लिहिलं:

“उच्च रक्तदाब, निदान ऑगस्ट २०२०, टेल्मिसार्टन ४० रोज एक. मधुमेह, निदान जानेवारी २०२१, मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा. हृदयविकाराचा झटका ९/११/२०२४, एक स्टेंट. शेवटचं एचबीए१सी ६.९. किडनी आणि डोळ्यांची तपासणी केली, रिपोर्ट जोडले आहेत.”

आजार, कधीपासून, कुठलं औषध किती, शेवटचा आकडा, गुंतागुंत आहे की नाही, आणि सोबत कागद. एवढं असलं की कंपनीला विचारायला फार काही राहत नाही. आपल्यालाही पुढे ‘सांगितलं होतं’ म्हणून बोट ठेवता येतं. अंदाजाने जास्तीचंही लिहू नये. शिबिरात एकदाच बीपी वाढलेलं आलं आणि नंतर डॉक्टरांनी गोळी नको म्हणून सांगितलं असेल, तर तेवढंच लिहायचं, ‘बीपी आहे’ असं नाही.

‘याआधी कुठली पॉलिसी नाकारली वा रद्द झाली आहे का’ हाही प्रश्न असतो. त्याला ‘होय’ लिहून जुन्या पत्राची प्रत जोडली. ती लपवली असती तर जुनीच गोष्ट पुन्हा सुरू झाली असती. पत्नीच्या फॉर्मवर तंबाखूपुढे ‘मिश्री, रोज एकदा, सुमारे वीस वर्षं’ असं आलं.

पॉलिसीचे कागद आल्यावर सोबतच्या प्रपोजल फॉर्मच्या प्रतीतलं एकेक उत्तर आपण दिलेल्या उत्तराशी ताडून पाहिलं. हे करायला ३० दिवसांचा फ्री-लूक काळ आहे. पटलं नाही तर त्यात पॉलिसी परत करता येते. मेडिकल तपासणी, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे पैसे कापून बाकीची रक्कम परत मिळते. सोबतचं माहितीपत्रक, ज्याला सीआयएस म्हणतात, ते स्थानिक भाषेत मागता येतं. चूक सापडली तर एजंटला फोन करून भागत नाही, कंपनीला ई-मेल करून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली दुरुस्तीची लेखी नोंद, घ्यायचं.

ज्यांच्या चालू पॉलिसीत आधीच ‘नाही’ पडलेलं आहे, त्यांच्यासाठी हाच ई-मेलचा मार्ग आहे, पण त्यात जोखीम आहे हे लपवण्यात अर्थ नाही. कागदांसह कळवल्यावर कंपनी प्रीमियम वाढवू शकते, त्या आजारावर नवा वेटिंग पिरियड लावू शकते, क्वचित पॉलिसीही रद्द करू शकते. तरीही दवाखान्याच्या दारात कळण्यापेक्षा ठणठणीत असताना कळवणं आम्हाला बरं वाटतं, कारण रद्द झालीच तर दुसरीकडे अर्ज करायला वेळ हातात असतो. पॉलिसी सुरू झाल्यानंतर पहिल्यांदा जडलेला आजार यात येत नाही. तो रक्कम वाढवताना किंवा कंपनी बदलताना विचारला जाईल, तेव्हा सांगायचा.

पत्नी-मुलीची पॉलिसी नेहमीच्या दराने मिळाली, मिश्रीमुळे काही वाढलं नाही. गृहस्थांना पहिल्या कंपनीने नाकारलं. दुसरीने ३ लाखांची पॉलिसी दिली, प्रीमियम जवळपास दीडपट, आणि बीपी, मधुमेह, हृदय या तिन्हींना ३६ महिन्यांचा वेटिंग पिरियड.